मोती गेल्याचं कळल्यावर

मैत्रिणीचा कुत्रा गेल्याचं कळलं की अनेकांची बोटं मोबाइलवर अडखळतात. मग घाईत लिहिलं जातं, ‘वाईट वाटलं. आता दुसरं पिल्लू आण.’ नेमकं हेच वाक्य जिव्हारी लागतं, कारण त्यात गेलेला जीव बदलून मिळणारी वस्तू ठरतो.

समाज ज्याला शोक मानतच नाही, अशा शोकाला अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये स्वतंत्र नाव दिलं. पाळीव प्राणी गेल्यावर ना सुतक असतं, ना भेटायला येणारी माणसं. म्हणून चार ओळींचा संदेशही आधार होतो.

त्यात प्राण्याचं नाव हवं आणि लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलेली एखादी आठवण.

समजा, 13 वर्षांच्या मोतीची मूत्रपिंडं निकामी झाली आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्याला इंजेक्शन देऊन निरोप द्यावा लागला. अशा वेळी ‘आपणच त्याला मारलं’ ही टोचणी घरच्यांना छळते. ‘आधी का नाही नेलं?’ हा प्रश्न त्या जखमेवर मीठ चोळतो. त्यापेक्षा असं लिहावं:

‘माधवी, मोती गेल्याचं कळलं. मी जिना चढायला लागले की दारामागे त्याची शेपटी आपटायची, तो आवाज आठवतोय. तू शेवटपर्यंत त्याच्याजवळ होतीस, त्याचे हाल थांबवलेस. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. रविवारी डबा घेऊन येते.’

आठवड्यानं आणखी एक ओळ पाठवावी. तोवर इतरांचे संदेश थांबलेले असतात आणि पाण्याचं भांडं मात्र कोपऱ्यात तसंच असतं.