इंडक्शनवरचा मोका पॉट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शनिवार-रविवारसाठी इगतपुरीला भाड्याने बंगला घेणाऱ्यांना तिथल्या स्वयंपाकघरात बरेचदा गॅसऐवजी इंडक्शन शेगडी मिळते. घरून आवडीने आणलेला मोका पॉट त्या शेगडीवर ठेवला की शेगडी टीं-टीं करते आणि बंद पडते. मग कुणी म्हणतं शेगडी बिघडली, कुणी म्हणतं व्होल्टेज कमी आहे, तर कुणी घाटमाथ्यावरच्या हवेला दोष देतं. यातलं एकही कारण खरं नसतं. चौघांचं एक कुटुंब, त्यांच्याकडचा ॲल्युमिनियमचा ‘तीन कपी’ मोका पॉट आणि साधी एका शेगडीची इंडक्शन, एवढंच उदाहरण घेऊन हे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज : धातूचं भांडं आहे, म्हणजे इंडक्शनवर तापणारच

आल्फोन्सो बियालेत्ती यांनी 1933 मध्ये इटलीत जो अष्टकोनी मोका पॉट बाजारात आणला तो ॲल्युमिनियमचा होता, आणि आजही सर्वांत जास्त दिसतो तो तोच. गॅसवर ॲल्युमिनियम उत्तम, कारण ते झटकन आणि सगळीकडे सारखं तापतं. इंडक्शनचं काम मात्र वेगळ्या तऱ्हेने चालतं. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारी वीज वाहते. तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात, आणि त्या प्रवाहांना धातूचा जो विरोध होतो त्याची उष्णता बनते. लोखंड चुंबकीय असल्यामुळे हा प्रवाह त्याच्या अगदी पातळ थरात कोंडला जातो. तिथे विरोध भरपूर, म्हणून उष्णताही भरपूर. ॲल्युमिनियममध्ये प्रवाह जाड थरात पसरतो आणि मुळात त्या धातूचा विरोधही कमी. उष्णता नावापुरती होते आणि शेगडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सवर मात्र ताण येतो. म्हणून शेगडी ‘भांडंच नाही’ असं समजून थांबते. तिने तसं थांबणं हे ती नीट चालत असल्याचंच लक्षण आहे.

गैरसमज : मग स्टीलचा पॉट घेतला की काम झालं

अर्धंच झालं. स्टीलच्या भांड्यांत सर्रास वापरलं जाणारं 304 जातीचं स्टील, ज्याच्यावर 18/8 किंवा 18/10 असं लिहिलेलं असतं, ते चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही. 430 जातीचं स्टील चिकटतं. इंडक्शनला चालणाऱ्या मोका पॉटची खालची टाकी अशा चुंबकीय स्टीलची असते, किंवा तिच्या बुडाला तसा थर बसवलेला असतो. काही पॉटमध्ये वरचं भांडं ॲल्युमिनियमचंच ठेवून फक्त खालची टाकी अशी केलेली असते, आणि तेही पुरेसं आहे, कारण तापायचं असतं ते खालीच. तेव्हा दुकानात जाताना फ्रिजवरचा एखादा चुंबक खिशात टाकावा आणि तो पॉटच्या बाजूला नव्हे, बुडाला लावून पाहावा. घट्ट बसला तर पुढचा प्रश्न विचारायचा. नुसता लटकला किंवा घसरला तर तो पॉट इंडक्शनसाठी नाही.

पुढचा प्रश्न बुडाच्या रुंदीचा, आणि तो जवळजवळ कुणीच विचारत नाही. शेगडीला भांडं ओळखता यावं यासाठी त्याच्या बुडाला किमान व्यास लागतो. पुष्कळ शेगड्यांत तो 12 सेंटीमीटरच्या आसपास असतो आणि माहितीपत्रकात लिहिलेला असतो. तीन कपी मोका पॉटचं बूड जेमतेम 8 ते 9 सेंटीमीटर आणि सहा कपीचं सुमारे 10. त्यामुळे चुंबक घट्ट चिकटणारा, खोक्यावर इंडक्शनची खूण असलेला छोटा पॉटसुद्धा एका शेगडीवर चालतो आणि दुसरीवर नाही. अशा वेळी लोक पॉट परत करायला निघतात. त्याआधी तो वेटोळ्याच्या बरोब्बर मध्यभागी ठेवून बघावा. दोन सेंटीमीटर सरकवल्यानेही कधी कधी शेगडी त्याला ओळखते.

गैरसमज : ॲडॉप्टर म्हणजे तात्पुरता जुगाड, आणि आंच वाढवली की तो लवकर तापतो

ॲडॉप्टर म्हणजे चुंबकीय स्टीलची सपाट चकती. शेगडी चकतीला तापवते आणि चकती पॉटला. आपल्या चौघांच्या ॲल्युमिनियमच्या पॉटला हाच मार्ग आहे, आणि ज्यांचा स्टीलचा पॉट बुडाला लहान पडतो त्यांनाही हाच. एका वस्तूने दोन्ही अडचणी सुटतात.

आंच वाढवण्याचं मात्र चुकतं, आणि ते किती चुकतं हे हिशोबातच दिसेल. 14 सेंटीमीटर व्यासाची आणि 3 मिलिमीटर जाडीची चकती साधारण साडेतीनशे ग्रॅम भरते. एवढं स्टील एक अंशाने तापवायला सुमारे 165 ज्यूल उष्णता पुरते. शेगडी 1200 वॅटवर ठेवली आणि त्यातली बरीचशी ऊर्जा चकतीत उतरली, तर चकती सेकंदाला सहा अंशांच्या वेगाने तापते. म्हणजे अर्ध्या मिनिटात ती 200 अंशांपुढे जाते. पॉट वर असला तरी तो एवढी उष्णता त्या वेगाने ओढून घेऊ शकत नाही, कारण दोन सपाट धातूंमध्ये हवेचा बारीक थर राहतोच. मग चकती निळसर-तपकिरी पडते, तिच्याखालची काच बेसुमार तापते आणि शेगडी स्वतःला वाचवायला बंद होते. पुष्कळ शेगडी-उत्पादक ॲडॉप्टर वापरू नका असं बजावतात ते याचसाठी. चकतीवर डाग पडणं हीच आंच जास्त झाल्याची खूण समजावी.

कमी आंचेवर मात्र चकतीचा एक फायदा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. शेगडीवर 400 आकडा दिसत असला तरी कित्येक शेगड्या खरोखर 400 वॅटवर चालत नाहीत. त्या काही सेकंद मोठ्या जोराने चालतात, काही सेकंद बंद राहतात आणि सरासरी साधतात. स्टीलचा पॉट थेट ठेवला तर हे धक्के पाण्याला बसतात. कॉफी उसळते, थांबते, पुन्हा उसळते. चकती ही उष्णता आपल्यात साठवून सावकाश वर देते, त्यामुळे कॉफीची धार एकसंध येते. माझं मत विचाराल तर कमी आंचेला अशी उघडझाप करणाऱ्या शेगडीवर चकतीवरची कॉफी थेट ठेवलेल्या पॉटपेक्षा चांगली होते.

चकतीचा आकार ठरवताना शेगडीचा किमान व्यास गाठेल एवढीच घ्यावी. फार मोठी घेतली तर तिची उघडी कड पॉटच्या मुठीखाली येते आणि ती मूठ वितळू शकते. बंगल्यात चकती नसेल आणि सपाट बुडाचा बिडाचा तवा असेल, तर तोही हेच काम करतो. फक्त तो जड असल्याने काचेवर घासू नये, उचलून ठेवावा. पोळीचा खोलगट तवा उपयोगाचा नाही.

आता प्रत्यक्ष कृती. खालच्या टाकीत सेफ्टी व्हॉल्व्हच्या जरा खालपर्यंत पाणी घ्यायचं, गरम घेतलं तर आणखी बरं. वाटी कॉफीच्या पुडीने सपाट भरायची, पण दाबायची नाही. दोन्ही भाग घट्ट फिरवायचे, चकतीवर ठेवायचे आणि आंच 500 वॅटच्या आसपास. चकती तापायला वेळ लागतो, म्हणून सहा-सात मिनिटं काहीच घडताना दिसलं नाही तरी आंच वाढवायची नाही. धार सुरू झाली की शेगडी बंद करायची. चकतीत उरलेली उष्णता पुढचं काम पुरं करते. धारेचा रंग फिकट होऊन फसफस सुरू व्हायच्या आत पॉट चकतीवरून उचलायचा. नुसती शेगडी बंद करून पॉट तिथेच ठेवला तर कॉफी जळकट होते, कारण चकती पुढची बरीच मिनिटं तापलेलीच असते. तिला हातही लावायचा नाही. टाकीत पाणी न घेता पॉट कधीही तापवू नये. रबरी रिंग करपते आणि पुढे त्यातून वाफ गळू लागते.

गैरसमज : घाटमाथ्यावर पाणी लवकर उकळतं, म्हणून कॉफी कच्ची राहते

इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी 100 ऐवजी साधारण 98 अंशांना उकळतं, एवढाच फरक. शिवाय मोका पॉटमध्ये पाणी उघड्यावर उकळत नाही. बंद टाकीतली हवा आणि वाफ तापून फुगते आणि पाण्याला नळीतून वर ढकलते. त्यातलं बरंचसं पाणी उकळायच्या आतच वर गेलेलं असतं. दोन अंशांनी चवीत ओळखू येईल असा बदल होत नाही. इगतपुरीत कॉफी बिघडवणारी खरी गोष्ट पावसाळ्यातली दमट हवा आहे. उघडी राहिलेली पूड ओल धरते, तिच्या गुठळ्या होतात आणि पाणी जिथे मोकळी वाट मिळेल तिथूनच निघून जातं. पुडीचा डबा हवाबंद हवा.

गैरसमज : तीन कपी पॉट म्हणजे तिघांची कॉफी

मोका पॉटवरचा ‘कप’ इटालियन आहे, म्हणजे 40 ते 50 मिलिलीटरचा घट्ट कॉफीचा घोट. तीन कपी पॉटमधून साधारण 120 मिली कॉफी निघते. आपल्याकडचा दुधाचा कप दीडशे मिलीचा धरला आणि त्यात 60 मिली कॉफी व 90 मिली गरम दूध घेतलं, तर तीन कपी पॉट दोघांपुरता होतो. आपल्या चौघांना सहा कपी लागतो. त्यातून निघणाऱ्या 240 मिलीत चार कप नेमके होतात. दूध न घेता घोटभर पिणाऱ्यांना मात्र तीन कपीत तिघांचं भागतं.

‘मग मोठाच घेऊ, कमी लोक असले की अर्धा भरू,’ हा विचारही टाळावा. वाटी अर्धी भरली की पूड सैल राहते, पाण्याला अडवणारं काही उरत नाही आणि कॉफी पाणचट होते. मोका पॉट पूर्ण भरूनच वापरायचा असतो. रोज दोघं पिणार आणि पाहुणे महिन्यातून एकदा येणार, तर तीन कपी घ्यावा आणि पाहुण्यांसाठी तो दोनदा लावावा.

खरेदीला निघण्यापूर्वी घरच्या शेगडीच्या माहितीपत्रकातला किमान व्यास पाहून कागदावर लिहून घ्या, आणि दुकानात पॉटचं बूड पट्टीने मोजा. ते कमी भरलं तर पॉटबरोबर त्या व्यासाची चकतीही तिथेच घ्या.