मांडीतला कच्चा दुवा

गांधारीची गोष्ट आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. युद्धाच्या अखेरीस ती दुर्योधनाला विवस्त्र होऊन समोर यायला सांगते. डोळ्यांवरची पट्टी सोडून एकदाच त्याला पाहते आणि नजर पडेल तेवढे अंग वज्राचे होते. पण वाटेत कृष्ण गाठतो, थट्टा करतो. दुर्योधन लाजतो, कमरेला केळीचे पान गुंडाळतो आणि मांड्या तेवढ्या कच्च्या राहतात. कीर्तनकारांनी ही कथा रंगवली, दूरदर्शनच्या मालिकेने ती घरोघर नेली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या संहितेत मात्र ही कथा नाही.

तिथे आहे ते वेगळेच. वनपर्वात गंधर्वांनी पकडल्यावर पांडवांनीच सोडवले, या अपमानाने दुर्योधन अन्नपाणी सोडून मरायला बसतो. तेव्हा दानव त्याला पाताळात नेऊन समजूत घालतात. सांगतात, तुझा वरचा देह वज्राचा आहे, खालचा देवीने फुलांचा घडवला आहे, स्त्रियांना मोह पडावा असा. म्हणजे मर्म एका बिंदूत नाही, कमरेखालचे सगळेच अंग कोमल आहे. शिवाय दानवांनी हे सांगितले ते त्याला धीर द्यायला. शल्यपर्वात भीम गदा उचलतो तेव्हा या वज्रदेहाची आठवण कोणी काढत नाही.

तिथे दुर्योधनाला अजिंक्य ठरवते ती त्याची तालीम. भीमाचा लोखंडी पुतळा करून तो तेरा वर्षे त्याच्यावर गदेचा सराव करत होता. कृष्ण अर्जुनाला स्पष्टच सांगतो, भीमाकडे बळ आहे, दुर्योधनाकडे कसब आहे आणि सरळ लढाईत भीम जिंकणार नाही. मग अर्जुन भीमाला दिसेल अशी स्वतःची डावी मांडी थोपटतो. भीमाला द्यूतसभेतली प्रतिज्ञा आठवते. पुढचा क्षण व्यासांनी फार बारकाईने टिपला आहे. दुर्योधन प्रहार चुकवण्यासाठी वर उडी घेऊ पाहतो, भीम ते आधीच ओळखतो आणि उडीच्या त्या क्षणीच गदा मांड्यांवर हाणतो. मांड्या मोडल्या त्या कच्च्या होत्या म्हणून नव्हे. दुर्योधनाचा डाव भीमाने वाचला होता आणि नाभीखाली मारायचे नाही हा नियम त्याने मोडला. दोघांचाही गुरू असलेला बलराम संतापून नांगर उचलतो. कृष्ण त्याला आवरताना भीमाच्या प्रतिज्ञेचा आणि मैत्रेय ऋषींच्या शापाचा दाखला देतो. बलरामाचे समाधान होत नाही, तो रथात बसून द्वारकेला निघून जातो.

माझ्या मते नंतरच्या कथेची गरज इथे निर्माण झाली. ज्यांच्या बाजूने आपण अठरा पर्वे वाचतो, त्यांनी शेवटचा घाव नियम मोडून घातला, हे श्रोत्याला पचत नाही. बाकी अंग वज्राचे असेल तर भीमाला दुसरी जागाच उरत नाही. अधर्माचा नाइलाज होतो आणि दोष दुर्योधनाच्या लाजेवर जातो.

ग्रीकांकडेही असेच घडलेले दिसते. होमरच्या ‘इलियड’मध्ये अकिलीसला टाचेचे मर्म नाही. एका लढाईत त्याच्या हाताला भाला खरचटतो आणि रक्तही येते. आईने टाच धरून स्टिक्स नदीत बुडवल्याची कथा आपल्याला प्रथम भेटते ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीकडे, म्हणजे होमरनंतर कित्येक शतकांनी. तोवर प्रश्न तसाच होता: पॅरिससारख्या दुय्यम योद्ध्याच्या बाणाने, भले अपोलोच्या मदतीने का होईना, असा वीर पडलाच कसा?

दोन्हीकडे मर्म राहते ते आईच्या हातून, तेही संरक्षणाच्या कवचातच. जर्मन सीगफ्रीडचे तर बायकोच दाखवते. ड्रॅगनच्या रक्तात न्हाताना त्याच्या पाठीवर लिंडेनचे पान चिकटले होते. नवऱ्याला जपावे म्हणून क्रीमहिल्ड नेमक्या त्या जागी अंगरख्यावर खूण शिवते आणि हागेन त्याच खुणेवर भाला मारतो. ज्याच्या अंगावर शत्रूचे शस्त्र चालत नाही, त्याची बातमी घरातूनच फुटावी लागते. नाहीतर कथा पुढे सरकणार कशी? पण सीगफ्रीडच्या कथेत मर्म असूनही हागेनला कोणी निर्दोष मानत नाही, कारण तिथे कवीची सहानुभूती मेलेल्याकडे आहे.

गांधारीच्या नजरेचे बीज मात्र मूळ महाभारतातच आहे, स्त्रीपर्वात. युद्ध संपल्यावर पट्टीच्या कडेखालून तिची दृष्टी युधिष्ठिराच्या पायांच्या बोटांवर पडते आणि त्याची नखे विद्रूप होतात. ते पाहून अर्जुन कृष्णामागे सरकतो. लोककथेने हीच जाळणारी नजर उलटी फिरवून लेकाला वज्र देणारी केली असावी. त्याच्या जरा आधी गांधारी भीमाला जाब विचारते, नाभीखाली का मारलेस? भीम म्हणतो, धर्म असो की अधर्म, जीव वाचवण्यासाठी मी भीतीपोटी ते केले. तुझ्या मुलाला धर्मयुद्धात कोणी हरवू शकले नसते. केळीच्या पानाच्या कथेत भीमाला हे उत्तर देण्याची वेळच येत नाही.