मे महिन्यातला घरचा व्यायाम

मुंबईत किंवा कोकणात मे महिन्यात घाम गळतो, पण वाळत नाही. अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, नुसता गळल्यामुळे नाही. म्हणून एसी नसलेल्या घरात व्यायामाची वेळ आधी ठरवावी. संध्याकाळी, विशेषतः वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेला स्लॅब खोलीत उष्णता सोडत असतो. पहाटे हवा दमट असली तरी तापमान सर्वांत कमी असतं, त्यामुळे साडेपाचची वेळ उत्तम. खिडक्या उघड्या आणि पंख्याचा झोत थेट अंगावर हवा.

एरवी सलग 24 सूर्यनमस्कार घालत असाल, तर आता सहा-सहाचे चार टप्पे करा. प्रत्येक टप्प्यानंतर पंख्यासमोर बसून 15 सेकंद नाडी मोजा. ती 25च्या खाली आली की पुढचा टप्पा. तीन-चार मिनिटांतही उतरली नाही, तर त्या दिवशी तिथेच थांबणं मला योग्य वाटतं. शरीर उन्हाळ्याला सरावायला साधारण दोन आठवडे घेतं. तोवर संख्या वाढवू नये. हृदयविकार किंवा रक्तदाबाची औषधं असणाऱ्यांनी नाडीची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

चक्कर, मळमळ किंवा उकाड्यातही अंगावर शहारे आले, तर ताबडतोब थांबून मान आणि काखा ओल्या फडक्याने पुसाव्यात. बोलणं असंबद्ध होऊ लागलं, तर अंगावर पाणी ओतत लगेच रुग्णालय गाठावं.