नुसती शीर्षकं वाचा

गेवराईच्या कापूस उत्पादकांसमोर गुलाबी बोंडअळीवर बोलायचं आहे, असं समजा. पहिल्या झटक्यात स्लाइडची शीर्षकं सुचतात ती अशी: ओळख, जीवनक्रम, नुकसान, व्यवस्थापन. एकाखाली एक लिहून वाचली, तर कापसाचं काय झालं ते कळत नाही. हीच शीर्षकं भेंडीवरच्या अळीलाही चालतील.

आता प्रत्येक शीर्षकाचं पूर्ण वाक्य करू.

‘अळी बोंडाच्या आत असते, म्हणून बोंड वरून निरोगी दिसतं.’ ‘एकदा आत शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही.’ ‘फरदड ठेवली, तर अळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळतं.’

वाचताना दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याच्या मध्ये ठेच लागते. फवारा पोचत नाही, तर उभ्या पिकात शेतकऱ्यानं करायचं काय? ‘व्यवस्थापन’ या एका शब्दाखाली ही फट सहज झाकली गेली होती. वाक्यं होताच ती उघडी पडली. मला या युक्तीतली खरी गंमत इथे वाटते: ऐकणारे जमण्याआधीच ती बोलणाऱ्याची उलटतपासणी घेते.

फट बुजवायला दोन स्लाइड लागतात. ‘कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, की फवारणीची वेळ झाली.’ आणि ‘20 हिरवी बोंडं फोडून 2 किडकी निघाली, तरी नुकसानीची पातळी गाठलेली असते.’ आता पाच शीर्षकं सलग वाचा. मागच्या रांगेत बसलेल्याला बाकी काही दिसलं नाही, तरी गोष्ट पूर्ण कळते.

शीर्षक बदललं की खालचा मजकूरही बदलतो. ‘नुकसान’खाली सहा मुद्दे खपून जात होते. पहिल्या वाक्याखाली मात्र एकच गोष्ट शोभते: मधोमध चिरलेलं हिरवं बोंड आणि सरकीजवळची गुलाबी अळी. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले मायकेल अ‍ॅली शास्त्रज्ञांना आणि अभियंत्यांना हेच शिकवत आले आहेत: वर दावा, खाली त्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा.

शीर्षक दोन ओळींपुढे गेलं, तर बहुधा एका स्लाइडमध्ये दोन दावे कोंबलेले असतात. मधला ‘आणि’ शोधून तिथे तोडावं. याहून मोठा धोका म्हणजे वाक्य पुराव्याच्या पुढे पळणं. चिरलेल्या बोंडाच्या फोटोवर ‘फरदडीमुळेच अळी वाढली’ असं लिहिलं, तर वाक्य ठसकेबाज होईल, पण फोटो फक्त अळी आत आहे एवढंच सांगतो.

तपासणी सोपी आहे. पॉवरपॉइंटमध्ये View मधून Outline View उघडलं, की डावीकडे शीर्षकं एकाखाली एक येतात. मुद्दे मध्ये येत असतील, तर राइट-क्लिक करून Collapse All निवडावं. एखाद्या स्लाइडसमोर शीर्षकाची जागा रिकामी दिसली, तर शीर्षक नेमून दिलेल्या चौकटीत न लिहिता वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये टाकलं आहे असं समजावं.