बहुबाहू लुटारू पद्धती
बहुबाहू लुटारू पद्धती : अनेक पर्यायांपैकी सर्वांत फलदायी कोणता हे आधी ठाऊक नसताना, हाती येत जाणाऱ्या निष्कर्षांनुसार पुढील वाटप बदलत नेऊन निवड करण्याची सांख्यिकीय पद्धती. नाणे टाकून दांडा ओढावयाच्या जुगारयंत्राला अमेरिकेत विनोदाने ‘एका हाताचा लुटारू’ म्हणत. अशी अनेक यंत्रे समोर आहेत, प्रत्येकाची देण्याची वृत्ती निराळी आहे आणि नाणी मोजकीच आहेत, तर कोणता दांडा किती वेळा ओढावा, या कल्पित प्रश्नावरून हे नाव पडले. मूळ कल्पना मात्र जुगारातून आलेली नाही. विल्यम टॉम्पसन यांनी १९३३ मध्ये ती मांडली तेव्हा त्यांच्यापुढे दोन औषधोपचारांतून निवड करण्याचा प्रश्न होता. हर्बर्ट रॉबिन्झ यांनी १९५२ मध्ये त्याला व्यापक गणिती रूप दिले. संकेतस्थळे व दूरध्वनी सेवा यांत निष्कर्ष काही तासांत, कधी काही क्षणांत कळतो. त्यामुळे तेथे या पद्धतीचा वापर विशेष वाढला.

तिच्याशी तुलना करावयाची ती ठराविक नियंत्रित प्रयोगाची. त्यात वाटपाचे प्रमाण आरंभीच ठरते आणि प्रयोग संपेपर्यंत त्याला हात लावीत नाहीत. या प्रयोगाचे शास्त्र आर. ए. फिशर यांनी इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे शेतीच्या संदर्भात उभे केले, भारतात वि. गो. पानसे व पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ मधील ग्रंथाने ते कृषिसंशोधकांच्या हाती दिले. जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुकसारख्या कुकडीकाठच्या गावी रब्बी कांद्याचे सहा वाण पडताळावयाचे झाल्यास जमिनीचे सारख्या प्रतीचे गट पाडावे लागतात व प्रत्येक गटातील वाफे सहाही वाणांना यादृच्छिक रीतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, वाटून द्यावे लागतात. रोपांची लागवड डिसेंबर-जानेवारीत होते आणि उत्पन्न कळते ते उन्हाळ्यात. मध्येच एखादा वाण मागे पडताना दिसला, तरी त्याचे वाफे दुसऱ्याला देता येत नाहीत. येथे ठराविक प्रयोगाला दुसरा पर्यायच नाही.

दूरध्वनीवरून शेतकऱ्यांशी संपर्क साधावयाचा असेल, तर परिस्थिती उलट असते. कोणत्या वेळी केलेल्या फोनला उत्तर मिळते, हे त्याच दिवशी समजते. सहा पर्यायांना शेवटपर्यंत समान वाटा देत राहिल्यास कमी प्रतीचे ठरत आलेले पर्यायही हजारो लोकांवर वापरले जातात. फोनच्या बाबतीत ही किंमत किरकोळ आहे. औषधोपचारात ती रुग्णाला मोजावी लागते, आणि टॉम्पसन यांची मूळ चिंता हीच होती.

टॉम्पसन यांचा नियम असा : एखादा पर्याय सर्वोत्तम असण्याची आतापर्यंतच्या माहितीवरून जितकी संभाव्यता निघते, तितकाच वाटा त्याला पुढे द्यावा. समजा, सकाळच्या दहा फोनांपैकी दोन आणि संध्याकाळच्या दहांपैकी एक यशस्वी झाला. आरंभी दोन्ही वेळांविषयी काहीच माहिती नव्हती असे धरल्यास सकाळ खरोखरच वरचढ असण्याची संभाव्यता सु. ७१ टक्के येते. म्हणून पुढील दहांपैकी साधारण सात फोन सकाळी करावयाचे. संध्याकाळ बाद होत नाही. एवढ्या थोड्या पुराव्यावर ती बाद करणे चूकच ठरेल. पुरावा साचत जातो तसा तिचा वाटा आटतो किंवा पुन्हा वाढतो.

भारतातील एक तपशीलवार नोंदलेला प्रयोग ओडिशातील भातशेतकऱ्यांना दूरध्वनीवरील कृषिसल्ला सेवेत दाखल करून घेण्यासाठी २०१९ मध्ये झाला. माक्सिमिलियान कासी व आन्या झाउटमान या अर्थशास्त्रज्ञांनी तो २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. फोन सकाळी १० वाजता की सायंकाळी ६.३० वाजता, आणि त्याची सूचना देणारा लघुसंदेश एक तास आधी, चोवीस तास आधी की मुळीच नाही, असे सहा पर्याय होते. एकूण १०,००० क्रमांक तुकड्या-तुकड्यांनी वापरले. सकाळचा फोन व तासभर आधी संदेश या पर्यायाला ३,९३१ क्रमांक मिळाले आणि त्यांतील १९.३ टक्के यशस्वी झाले. संदेशाविना सायंकाळचा फोन सर्वांत मागे राहिला : यश १४.५ टक्के व वाट्याला केवळ ३६६ क्रमांक. एकूण यशस्वी फोन १,८०४ होते. हेच प्रमाण धरून क्रमांक सहा समान भागांत वाटले असते, तर यशाची संख्या सु. १,७१० भरली असती. लाभ नव्वदेक फोनांचा, म्हणजे फार मोठा नव्हे.

मात्र या प्रयोगात टॉम्पसन यांचा नियम जसाच्या तसा वापरलेला नव्हता. प्रयोग संपल्यावर कायमचा कोणता पर्याय स्वीकारावा, हे ठरविणे हा हेतू होता. मूळ नियम आघाडीच्या पर्यायाकडे इतका झुकतो की त्याच्या निकटच्या प्रतिस्पर्ध्याची पुरेशी परीक्षाच होत नाही. म्हणून आघाडीच्या पर्यायाचा वाटा निम्म्याच्या वर जाऊ नये, अशी दुरुस्ती केलेली होती. सुमारे १८ टक्के यश देणाऱ्या दोन पर्यायांना २,२३४ व १,४८५ क्रमांक मिळाले ते त्यामुळेच.

बदलत्या वाटपाचे दोष याच आकड्यांत दिसतात. मागे पडलेल्या पर्यायाच्या १४.५ टक्के या अंदाजात साडेतीन टक्क्यांपेक्षा अधिक इकडेतिकडे होऊ शकते. समान वाटपात ही अनिश्चितता त्याच्या निम्म्याहूनही कमी राहिली असती. शिवाय आरंभी केवळ दुर्दैवाने मागे पडलेल्या पर्यायाला स्वतःला सावरण्याची संधी कमी मिळते, त्यामुळे त्याची सरासरी खऱ्या मूल्यापेक्षा खाली राहण्याकडे कल असतो. ‘कोणता पर्याय घ्यावा’ याचे उत्तर या पद्धतीने चांगले मिळते. ‘तो इतरांपेक्षा किती चांगला’ याचे उत्तर ठराविक प्रयोगच अधिक चोख देतो.

काळाबरोबर परिस्थिती पालटली, तर फसगत अधिक होते. पेरणीची घाई सुरू झाली की सर्वच फोनांना प्रतिसाद घटतो. आघाडीच्या पर्यायाचे बहुतेक फोन नेमके या उशिराच्या दिवसांतले असतात, त्यामुळे तो विनाकारण बिघडल्यासारखा दिसतो. प्रत्येक तुकडीतील यशाचे प्रमाण वेगळे काढून एकाच तुकडीतील पर्यायांची तुलना केली म्हणजे हा भ्रम ओळखता येतो. त्यासाठी प्रत्येक तुकडीत सर्व पर्यायांना थोडा कायम वाटा राखून ठेवावा लागतो, आणि तेवढ्यापुरता तो ठराविक प्रयोगच होय.

महाराष्ट्रात या विचाराचे एक वेगळे रूप वापरले गेले. मुंबईतील ‘अरमान’ ही संस्था ‘एम-मित्र’ या उपक्रमाद्वारे गरोदर स्त्रिया व नवमाता यांना दूरध्वनीवर आरोग्यविषयक ध्वनिसंदेश पाठवीत आली. काही काळाने अनेकींचे ऐकणे कमी होते. परंतु आरोग्यसेविकांना दर आठवड्याला मोजक्याच स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलता येते. येथे प्रत्येक स्त्री म्हणजे एक बाहू. आणि तिला फोन केला नाही तरी तिची स्थिती बदलत राहते. अशा ‘अस्वस्थ’ बाहूंसाठीची पद्धती संगणकाद्वारे योजली गेली. ती उपयुक्त आहे की नाही, हे तपासण्यासाठी २०२१ मध्ये सु. २३,००० स्त्रियांचे यादृच्छिक रीतीने तीन समान गट करून सात आठवडे ठराविक प्रयोगच करण्यात आला. एका गटात या पद्धतीने, दुसऱ्यात क्रमवारीने फोन केले गेले. तिसऱ्यात केलेच गेले नाहीत. पहिल्या गटातील ऐकण्यातली घट तिसऱ्याच्या मानाने सु. ३० टक्के कमी भरली; क्रमवारीने केलेल्या फोनांचा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय ठरला नाही.