टाइप-सी आहे, पण चित्र येईल का?

रत्नागिरीत कॉलेजच्या हॉलमध्ये प्रेझेंटेशन आहे, प्रोजेक्टरला एचडीएमआय केबल आणि लॅपटॉपला फक्त टाइप-सी. अ‍ॅडाप्टर घेण्याआधी पोर्टशेजारचं चिन्ह बघा. टाइप-सी हा नुसता आकार. चित्र बाहेर येण्यासाठी पोर्टमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ लागतो. ‘डी’च्या पोटात ‘पी’ किंवा विजेचा बाण (थंडरबोल्ट) असेल तर निर्धास्त राहा. मात्र बॅटरीच्या चित्रातला बाण फक्त चार्जिंगचा! चिन्हच नसेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेलची माहिती वाचा. तिथे नुसतं ‘डेटा’ लिहिलं असेल तर पेनड्राइव्ह चालेल, साधा अ‍ॅडाप्टर लावून पडदा मात्र कोराच. अशा लॅपटॉपला ‘डिस्प्लेलिंक’ चिपचा महागडा अ‍ॅडाप्टर चालतो, पण त्याचा ड्रायव्हर घरूनच टाकून न्या.