नववीत किती मुलं होती?

मुख्याध्यापकपदासाठी येणारे बहुतेक बायोडेटा एकाच साच्यातले असतात. ‘कुशल प्रशासक’, ‘उत्तम निकालाची परंपरा’, ‘सर्वांना सोबत घेऊन चालण्याची वृत्ती’, आणि खाली पदव्यांची यादी. संस्थेची निवड समिती ते वाचते आणि बाजूला ठेवते, कारण त्यात तपासून बघण्यासारखं काहीच नसतं. शाळेतल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीची नोंद कुठल्या तरी रजिस्टरमध्ये असते, हे समितीतल्या निवृत्त मुख्याध्यापकाला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे बायोडेटातलं वाक्य वाचताना त्याच्या मनात एकच प्रश्न असतो : याची नोंद कुठे सापडेल?

आधी एक खुलासा करायला हवा. महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळांत मुख्याध्यापकपद प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेने मिळतं. १९८१ च्या खासगी शाळा कर्मचारी नियमावलीने ते ठरवून दिलेलं आहे आणि तिथे बायोडेटापेक्षा ज्येष्ठता यादीला वजन असतं. जाहिरात देऊन अर्ज मागवतात ते बहुधा स्वयंअर्थसहाय्यित शाळा, नव्याने सुरू झालेल्या शाळा, काही अल्पसंख्याक संस्था आणि केंद्रीय मंडळाच्या शाळा. हा लेख त्या अर्जांविषयी आहे.

अर्हतेचा भाग चार ओळींत संपवावा, पण त्या चार ओळी नेमक्या हव्यात. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी त्याच नियमावलीत पदवीनंतर एकूण पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव मागितला आहे आणि त्यातली किमान दोन वर्षं बी.एड.नंतरची असावी लागतात. म्हणून ‘१५ वर्षांचा अनुभव’ एवढंच लिहून भागत नाही. बी.एड. कोणत्या साली झालं, पूर्णवेळ नेमणूक कधीपासून आहे आणि शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता कोणत्या आदेशाने मिळाली, हे दिसलं पाहिजे. उद्या नव्या पदाचा प्रस्ताव त्याच कार्यालयात जाणार असतो, आणि तिथे त्रुटी निघाली तर संस्थेची पंचाईत होते.

आता एक उदाहरण घेऊ. माणूस आणि आकडे काल्पनिक आहेत, परिस्थिती मात्र कुठल्याही तालुक्याच्या गावात सापडेल अशी. पाचवी ते दहावीची एक विनाअनुदानित सेमी-इंग्रजी शाळा. तिथल्या पर्यवेक्षिका २०२२ च्या जूनपासून हे पद सांभाळत आहेत आणि आता शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या शाळेत मुख्याध्यापिका व्हायची त्यांची तयारी आहे. पहिल्या कच्च्या मसुद्यात त्यांनी लिहिलं : ‘माझ्या कार्यकाळात पटसंख्येत लक्षणीय वाढ झाली.’

हे वाक्य खरं आहे, पण निरुपयोगी आहे. पट दर महिन्याला हलतो. जूनमध्ये फुगलेला असतो, दिवाळीनंतर उतरतो. म्हणून यू-डायससाठी वर्षानुवर्षं ३० सप्टेंबरचा पट धरण्याची पद्धत पडली आहे, आणि बायोडेटातही तीच तारीख धरावी. या शाळेत ३० सप्टेंबर २०२२ ला ८२६ मुलं होती आणि २०२४ ला त्याच तारखेला ९१८. म्हणजे ९२ ची वाढ, साधारण ११ टक्के. पण समिती इथे थांबत नाही. वाढ कशामुळे झाली? शेजारची शाळा बंद पडली असेल, गावात नवी वसाहत उभी राहिली असेल, तर त्यात पर्यवेक्षिकेचं काय? इथे दोन छोटे आकडे कामाला येतात. पाचवीचे नवे प्रवेश ११८ वरून १४९ झाले, कारण बाईंनी फेब्रुवारी-मार्चमध्ये आजूबाजूच्या जिल्हा परिषद शाळांतल्या चौथीच्या पालकांच्या बैठका घेतल्या. दुसरा आकडा माझ्या मते जास्त बोलका आहे. वर्षाच्या मध्येच दाखला काढून नेणारी मुलं ४१ होती, ती १७ वर आली. प्रवेश जाहिरातीनेही वाढतात. दाखले कमी होतात ते मात्र शाळेत काहीतरी बरं चाललं असेल तरच.

सुधारलेलं वाक्य असं झालं : ‘३० सप्टेंबरचा पट ८२६ (२०२२) वरून ९१८ (२०२४), वर्षाच्या मध्ये दिलेले दाखले ४१ वरून १७. पाचवी प्रवेशाच्या पालकभेटी आणि दाखला मागणाऱ्या प्रत्येक पालकाशी बोलण्याची जबाबदारी माझ्याकडे.’ शेवटचा तुकडा विसरू नये. शाळा वाढली म्हणजे आपण वाढवली असं होत नाही, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न नेमका तिथेच येतो.

निकालाच्या बाबतीत सगळ्यात जास्त हातचलाखी होते, म्हणून इथे थोडं थांबू. या शाळेतून मार्च २०२३ मध्ये दहावीला १३६ मुलं बसली आणि १२२ पास झाली, म्हणजे ८९.७१ टक्के. २०२४ मध्ये १४२ पैकी १३६, म्हणजे ९५.७७. २०२५ मध्ये १४७ पैकी १४२, म्हणजे ९६.६०. चढती भाजणी दिसते. पण या तीन वर्षांत राज्याचा दहावीचा निकाल अनुक्रमे ९३.८३, ९५.८१ आणि ९४.१० टक्के होता. तो शेजारी मांडला की खरं चित्र दिसतं. पहिल्या वर्षी शाळा राज्याच्या चार टक्के मागे होती, दुसऱ्या वर्षी जेमतेम बरोबरीला आली आणि तिसऱ्या वर्षी अडीच टक्के पुढे गेली. नुसतं ‘सात टक्के वाढ’ म्हणण्यापेक्षा ही मांडणी प्रामाणिक आहे आणि गंमत म्हणजे जास्त वजनदारही आहे.

राज्याचा आकडा शेजारी का हवा, हे २०१९ नंतरच्या वर्षांवरून कळतं. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले आणि राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० झाला. २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि तो ९९.९५ टक्के होता. या काळात पदावर असलेला कोणीही ‘माझ्या कारकिर्दीत निकाल १८ टक्क्यांनी वाढला’ असं लिहू शकतो, आणि लिहिणारे भेटतातही. जाणकार समिती त्या ओळीवर फुली मारते आणि बाकीचा कागदही संशयाने वाचते.

याहून मोठी मेख म्हणजे किती मुलं परीक्षेला बसवली ती. काही शाळा कच्च्या मुलांना नववीतच अडकवतात किंवा पालकांना गोड बोलून दाखला देतात आणि मूल १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसतं. शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो, फ्लेक्स झळकतो. म्हणून अनुभवी माणूस टक्केवारी बघितल्या बघितल्या विचारतो, ‘आदल्या वर्षी नववीत किती मुलं होती?’ आपल्या बाईंच्या शाळेत २०२३-२४ ला नववीत १५३ मुलं होती. त्यातली चार दाखला घेऊन परगावी गेली, दोन नववीतच राहिली आणि उरलेली १४७ दहावीला बसली. सतरा नंबरला कोणी गेलं नाही. हा हिशेब त्यांनी बायोडेटात एका ओळीत आपणहून दिला. असा हिशेब अर्जात फार थोडे जण देतात आणि ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काही आहे ते देऊच शकत नाहीत.

कारण मात्र एकच सांगावं, नेमकं सांगावं. इथे २०२३ मध्ये नापास झालेल्या १४ पैकी ११ मुलं गणितात अडकली होती. बाईंनी विषयवार तक्ता काढला तेव्हा ते दिसलं. मग ऑगस्टपासून कच्च्या मुलांसाठी गणिताचा जादा तास ठेवला आणि दर पंधरा दिवसांनी छोटी चाचणी घेतली. २०२५ मध्ये गणितात अडकलेली मुलं तीनच उरली. एवढं पुरे. अव्वल आलेल्या मुलांची नावं, फोटो, गुणपत्रिका बायोडेटाला जोडू नयेत. तो मुलांचा खासगी तपशील आहे.

शिक्षकांच्या नेतृत्वाबद्दल लिहिताना ‘२६ शिक्षकांचं नेतृत्व’ असं सर्रास लिहितात. त्यातून फक्त शिक्षक २६ आहेत एवढंच कळतं. विनाअनुदानित शाळेत खरा आकडा असतो तो वर्षाच्या मध्येच राजीनामा देऊन गेलेल्यांचा. इथे २०२२-२३ मध्ये सात जण गेले होते, दोन वर्षांनी दोनच. पगार वाढवणं पर्यवेक्षिकेच्या हातात नव्हतं. त्यांनी गैरहजर शिक्षकांचे बदली तास वाटण्याचं रजिस्टर सुरू केलं, म्हणजे ते तास दरवेळी त्याच चार नव्या शिक्षकांच्या गळ्यात पडणं थांबलं. शिवाय महिन्याला प्रत्येकाचा एक पाठ बसून बघितला, लॉगबुकात शेरा लिहिला आणि तो शिक्षकाला दाखवून त्याची सही घेतली. लॉगबुक बरोबर नेण्याची गरज नाही, पण ‘तीन वर्षांची पाठनिरीक्षणं लॉगबुकात नोंदलेली’ हे वाक्य पुराव्यासारखं उभं राहतं.

राहिलं नियमपालन. इथे ‘शासनाच्या सर्व नियमांचे पालन’ ही ओळ सगळ्यात वाईट, कारण सर्व नियमांचं पालन कुठलीच शाळा करत नाही आणि समितीला ते माहीत असतं. आपण स्वतः हाताळलेली दोन-तीन कामं तारखांसह लिहावीत. उदाहरणार्थ, राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं नमुना ‘बी’ प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. बाईंनी पद घेतलं तेव्हा आधीची दोन प्रमाणपत्रं फायलीत नव्हती आणि दुसऱ्या मजल्यावरच्या अग्निशामक नळकांड्यांची मुदत संपलेली होती. त्यांनी ते लेखी कळवलं, परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून घेतली आणि जानेवारी २०२३ पासून एकही प्रमाणपत्र चुकलेलं नाही. दोष सापडला होता हे त्यांनी बायोडेटात लिहिलं. काही जणांना ते धाडसाचं वाटेल, मला ते शहाणपणाचं वाटतं. फक्त जुन्या शाळेची बदनामी होईल अशी भाषा टाळावी.

ज्या शाळेत अर्ज करतो तिथली गरजही बघावी. पहिलीपासूनची शाळा असेल तर शिक्षण हक्क कायद्याखालचं मान्यतेचं नमुना २ प्रमाणपत्र, त्याचं दर तीन वर्षांनी होणारं नूतनीकरण आणि २५ टक्के प्रवेश हे विषय निघणारच. २०२४ च्या बदलापूर प्रकरणानंतर तर सखी सावित्री समिती, सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांबद्दल विचारल्याशिवाय मुलाखत संपत नाही. आपल्या बाईंची शाळा पाचवीपासूनची, त्यामुळे २५ टक्के प्रवेशांचा अनुभव त्यांना नाही. तो त्यांनी बायोडेटात ओढूनताणून आणला नाही, हे बरंच झालं.

हे सगळं दोन पानांत बसतं. अर्ज पाठवण्याआधी बायोडेटातल्या प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीने त्याचा कागद लिहून बघा : यू-डायसची प्रत, दाखला रजिस्टर, मंडळाचा शाळानिहाय निकाल, लॉगबुक, नमुना ‘बी’. ज्या आकड्यापुढे काहीच लिहिता येणार नाही, तो काढून टाका.